डाव्या हाताची कैफियत

शाळेच्या पालकसभेत 'स्क्रीन टाइम'वर एक कविता हवी आहे. अट एवढीच की ती हसरी असावी आणि तिनं कुणालाही टोचू नये. आपल्याकडे टोचायचं फक्त लसीनं, तेही बाळाला.

आमचा विषय मात्र डावा हात. आपण जेवतो उजव्या हातानं. तो वरणात माखलेला, म्हणून भाजीच्या डावाला, पोळीच्या डब्याला, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा तो डावा. पंगतीपासून डायनिंग टेबलापर्यंत घरातलं सगळं वाढणं या स्वच्छ हातावर चालत आलं. आता तोच हात फोन धरून बसलाय. अंगठा वर-खाली करतोय आणि शेजारच्याची वाटी रिकामी आहे हे सांगायला कुणी मोकळं नाही. सबब कविता:

उजवा तो वरणात,
डावा फोनच्या गळ्यात;
पोळी कोण वाढणार
आज आईच्या ताटात?

बाबा म्हणती बाळाला,
'ठेव मोबाइल खाली';
मान वर न करता!
तिकडे विकेट गेली.

कविता समितीकडे गेली. पहिली हरकत 'बाबा'वर. बाबा लोक सभेला येत नाहीत, पण आले तर दुखावतील, म्हणून तिथे 'काका' घालावं. मग एका काकांनी विचारलं, आमच्यावर का? शेवटी 'कोणी एक' ठरलं. 'विकेट'मुळे क्रिकेटप्रेमींच्या भावना दुखावतील, म्हणून विकेट गेली. 'आईच्या ताटात' वाचून एकीनं सांगितलं की आमच्याकडे पोळ्यांना बाई आहेत. 'गळ्यात' हिंसक वाटतं. 'फोन' शब्द नकारात्मक आहे, त्याऐवजी 'साधन' चालेल का? आता कवितेत वरण तेवढं उरलंय. त्यावरही कुणीतरी विचारलं, फोडणीचं की साधं?

तिकडे सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास गावानं टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचं ठरवलं. पोरांचे बंद, तसे थोरांचेही. कुणी यमक जुळवलं नाही, कुणाला दुखावेल का म्हणून विचारलं नाही. आमच्याकडे भोंगा वाजला तर लोक आधी त्याचा व्हिडिओ काढतील.

आणि आता खरं सांगतो, राग पोरांवर नाहीच. रात्री पावणेनऊला, ताटं वाढलेली असताना, 'उद्या चार्टपेपर, निळा, मोठा' हा निरोप पाठवतं कोण? तो न पाहणाऱ्या पालकाला सकाळी गेटवर 'ग्रुप बघत नाही का?' असं विचारतं कोण? गृहपाठ फोनवर, सहलीची फी फोनवर, पोराला ताप आल्याची रजा फोनवर, आणि वर सभा घेऊन आम्हालाच विचारायचं, तुम्ही जेवताना फोन का घेता! अहो, तुमचाच निरोप वाचतोय!

सुधारित कवितेची पीडीएफ काल ग्रुपवर आली. वेळ अर्थातच जेवणाची. खाली सूचना: 'सर्व पालकांनी वाचून नऊच्या आत अंगठा द्यावा.' दिला. डावा.