दाजींचा सहा आकडी संसार

‘आमच्यात काही लपवालपवी नाही बुवा,’ असं कुणी विचारलेलं नसताना सांगणारा नवरा तुमच्याही नात्यात असणारच. तो लग्नाच्या पंगतीत नेमका शेजारी येऊन बसतो. दोन घास पोटात गेले की संसारातल्या पारदर्शकतेवर घसरतो. त्याची बायको पलीकडच्या ओळीत भाजी वाढत असते आणि ऐकू येऊनही ऐकू न आल्यासारखं करत असते.

आमच्याकडे हे पद मावसबहिणीच्या नवऱ्याकडे, म्हणजे दाजींकडे आहे. राहणं शिरपूरजवळच्या एका गावात, नोकरी वाशिमला कचेरीत, आणि उरलेला वेळ पाटणी चौकात. चहा आला की दाजी खिशातून मोबाइल काढतात, पडदा वर करून टेबलाच्या मधोमध ठेवतात आणि जाहीर करतात, ‘कोणालेही पाह्यचा असन तर पाहा. शून्य एक शून्य सात नऊ आठ.’

१ जुलै १९९८. या तारखेला अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला. कागदाच्या एका शिक्क्यासाठी अकोल्याची एसटी धरायचे दिवस संपले, आणि नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेरीत दाजी चिकटले. त्यामुळे ती तारीख त्यांना कुलदैवतासारखी. ‘लग्नाची तारीख का नाही ठेवली?’ असं ताईनं एकदा विचारलं होतं. दाजी म्हणाले, ‘ते ध्यानात राहत नाही ना.’ पारदर्शकतेचं याहून शुद्ध उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

हे सहा आकडे आता आख्ख्या तालुक्याला पाठ आहेत. रिसोडच्या एका लग्नात दाजींचा मोबाइल हळदीच्या दिवशी हरवला. तो परत आला तेव्हा त्यात वऱ्हाडी पोरांचे दोनशेक फोटो होते, आणि कचेरीच्या ग्रुपवर दाजींच्या नावानं एका लावणीचा व्हिडिओ गेला होता. साहेबांनी खुलासा मागितला. दाजींनी खुलाशात पासवर्डच लिहून दिला म्हणे, म्हणजे साहेबांनी स्वतः उघडून खात्री करावी.

इथपर्यंत ठीक होतं. पण माणूस एकदा सरळ वागायचं म्हणाला की सगळीकडे सरळ वागतो. मोबाइलवरून पैसे पाठवायच्या यूपीआयचा पिन चार किंवा सहा आकडी असतो. दाजींनी सहा आकडी निवडला. कोणता, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. भाच्यानं त्यावरून मोबाइलच्या खेळातली कसलीशी तलवार विकत घेतली तेव्हा हे उघडकीला आलं. बँकेतले साहेब वैतागून म्हणाले, ‘अहो, फोनचं कुलूप म्हणजे घराचं दार आणि यूपीआयचा पिन म्हणजे तिजोरी. दार उघडं टाकायची हौस असेल तर टाका, पण किल्ली निदान वेगळी ठेवा.’ शिवाय नवा पिन तयार करायला एटीएम कार्डावरचे शेवटचे आकडे, कार्डाची मुदत आणि ओटीपी लागतो, तो ओटीपी त्याच उघड्या फोनवर येतो, आणि दाजी कार्ड ठेवतात फोनच्याच कव्हरमध्ये, हेही साहेबांनी दाखवून दिलं. पिन बदलला. दाजींना तो कितीतरी दिवस पाठ होईना, म्हणून त्यांनी तो कॅलेंडरवर लिहून ठेवला.

आता तुम्हाला वाटेल, भोळा माणूस आहे, काय बिघडतं? बिघडतं असं, की या जातीच्या नवऱ्याचं उघडं पुस्तक फुकट नसतं. त्याची किंमत बायकोच्या मोबाइलनं चुकवायची असते. दाजींचा हिशेब सरळ होता, ‘मी माया दाखवतो, तू तुया दाखव. लपवाचं काही नसन तर दाखवाले काहून भेतं?’

ताई भीत नव्हती. ती दाखवत नव्हती, एवढंच. तिचा पासवर्ड काय, हे पोरांनाही ठाऊक नव्हतं. २०२३ मध्ये शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिराचं चाळीसेक वर्षांचं कुलूप निघालं, त्या दिवशी दाजी घरी येऊन म्हणाले, ‘सुप्रीम कोर्टानं देवाचं कुलूप उघडलं, आता तुयंच राह्यलं.’ ताईनं पोळी तव्यावर टाकली आणि म्हटलं, ‘मंग जा सुप्रीम कोर्टात.’

दाजी जाणारच होते. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या एका निकालाची बातमी आली तेव्हा पेपर नाचवत ते चौकात आले. ‘झालं! नवरा-बायकोत प्रायव्हसी नाही, कोर्टानंच सांगतलं!’ योगायोगानं टेबलाशी एक वकील बसले होते. त्यांनी आधी भजे संपवले, मग दाजी संपवले. ते म्हणाले, खटला भटिंड्याचा. घटस्फोटाच्या दाव्यात नवऱ्यानं बायकोशी झालेल्या बोलण्याचं चोरून केलेलं रेकॉर्डिंग पुढे केलं होतं. पंजाब-हरियाणा हायकोर्टानं ते नाकारलं, सुप्रीम कोर्टानं चालेल म्हटलं. जुन्या पुरावा कायद्याचं १२२ वं कलम नवरा-बायकोतलं बोलणं चव्हाट्यावर आणू देत नव्हतं, पण त्या दोघांतच दावा लागला असेल तर त्याला त्याच कलमात अपवाद होता. निकाल एवढाच. म्हणजे ही मुभा भांडण कोर्टात गेल्यावरची आहे, चुलीपुढची नाही. आणि तेच कोर्ट हेही म्हणालं, की जोडीदार एकमेकांवर पाळत ठेवायला लागले असतील तर तो संसार आधीच मोडलेला आहे.

‘अन् त्याच महिन्यात,’ वकील हात पुसत म्हणाले, ‘छत्तीसगडच्या हायकोर्टानं एका नवऱ्याले परत पाठवलं. बायकोवर संशय होता, तिच्या फोनचे कॉल पाह्यचे होते त्याले. कोर्ट म्हणालं, लग्न झालं म्हणून पासवर्ड मागाचा हक्क मिळत नाही. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी प्रायव्हसीले मूलभूत हक्क म्हटलं, तो लग्नानंतर संपत नाही.’

दाजी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘पण मी तं संशय घेतच नाही ना! मी फक्त पाह्यतो म्हणतो.’

ही गोष्ट खरी होती, आणि तिथेच या माणसाचा राग धरणं अवघड होतं. दाजींना ताईवर तिळभर संशय नव्हता. त्यांना फक्त वाटायचं, की आपल्याच घरातल्या एका खोलीत आपल्याला जाता येत नाही. आणि त्या खोलीत नेमकं काय आहे, ते ताई सांगू शकत नव्हती.

ताई गावची आशा आहे. हजारेक लोकवस्तीमागे एक आशा असते. कोण गरोदर आहे, कुणाचे किती दिवस भरले, टीबीच्या गोळ्या कोण घेतं, तांबी कुणी बसवली, दर तीन महिन्यांनी अंतराचं इंजेक्शन कोण घेतं आणि ते सासूला का सांगायचं नाही, हे सगळं तिच्याजवळ असतं. पूर्वी ते वहीत असायचं आणि वही ट्रंकेत. आता ते व्हॉट्सॲपवर असतं. रात्री अकराला एखादी सून चोरून मेसेज करते, ‘ताई, तारीख चुकली.’ तो मेसेज ताईला आलेला असतो, ताईच्या नवऱ्याला नाही. आपला मोबाइल आपण उघडा टाकला तर आपलंच गुपित उघडं पडतं, असं दाजींना वाटायचं. त्यात ज्यांनी विश्वासानं काही लिहिलं त्या सगळ्यांना आपण न विचारता पंगतीत बसवतो, हा हिशेब या जातीच्या माणसाच्या गावीही नसतो.

मग व्हायचं ते झालंच. महिन्याचा अहवाल छापायचा म्हणून ताईनं भाच्याच्या लॅपटॉपवर आपलं व्हॉट्सॲप जोडलं होतं आणि लॉगआऊट करायचं राहून गेलं. एकदा जोडलं की फोन लांब असला, बंद असला तरी ते लॅपटॉपवर चालूच राहतं. एका दुपारी दाजी रमी खेळायला लॅपटॉपपुढे बसले आणि ताईचं सगळं खातं त्यांच्यासमोर पासवर्डाशिवाय पसरलेलं.

दोन दिवसांनी उपकेंद्रातल्या सिस्टरनं ताईला विचारलं, ‘निळ्या खुणा दिसल्या, मग उत्तर काहून नाही दिलं?’ ताईनं तो मेसेज पाहिलाच नव्हता. तिच्या फोनवर तो न वाचलेला म्हणून ठळकही दिसत नव्हता, कारण जोडलेल्या लॅपटॉपवर वाचलं की फोनवरही वाचल्याची नोंद होते. तिनं व्हॉट्सॲपच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर बोट ठेवलं, ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडलं. तिथे लॅपटॉप होता आणि तो शेवटचा कधी वापरला, तेही. त्या वेळी ताई अंगणवाडीत लसीकरणाला होती, भाचा शाळेत. घरी एकच माणूस होता.

तिनं आधी तो लॅपटॉप काढून टाकला. मग दाजींना एकच विचारलं, ‘किती वाचलं?’

‘एकच,’ दाजी म्हणाले. खोटं त्यांना बोलता येत नाही, हीच तर त्यांची अडचण.

भांडण झालं नाही. ताईनं दुसऱ्या दिवशी घराचे नियम सांगितले. पैशाचं सगळं दोघांना माहीत पाहिजे. खाती, विमा, कर्ज, वारसाचं नाव, काहीही लपवायचं नाही. तिच्या फोनचा पासवर्ड एका पाकिटात, पाकीट चिकटवलेलं, कपाटात लुगड्याखाली. ती दवाखान्यात पडली तरच फोडायचं. फोन वाजला तर कुणाचा आहे ते सांगायचं, उघडायचा नाही. तिनं फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसू नये अशीही सोय केली. दाजींनी सगळं मान्य केलं. ते इतक्या मुकाट्यानं काही मान्य करतात, हे आम्ही कुणी आधी पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून दाजींचं काहीतरी बिघडलं आहे. पाटणी चौकात ते बसतात, पण एका ठरावीक माणसाच्या शेजारची खुर्ची टाळतात. त्या माणसानं नातवंडाचा विषय काढला, कारंज्याला गुरुमंदिरात नवस बोललोय म्हणाला, की दाजींना ठसका लागतो आणि ते चहा अर्धा टाकून सोयाबीनच्या भावावर घसरतात. सोयाबीन दाजींच्या शेतात कधीच नव्हतं. रात्री-बेरात्री ताईचा फोन वाजला तर ते पडदा खाली करून तिच्या हातात देतात, आणि ती ‘कळा सुरू झाल्या’ म्हणेपर्यंत अंगणात गाडी चालू झालेली असते.

मी लिहिणारा माणूस. मला राहवलं नाही. गेल्या अमावस्येला जेवायला गेलो तेव्हा ताई भांडी घासत होती. मी दाजींना गाठलं. एकच मेसेज वाचला म्हणता, तो कुणाचा होता? नाव नका सांगू, नुसतं घर सांगा. गल्ली सांगा. मी कुठे लिहिणार नाही. कंडक्टरला आपला पासवर्ड सांगणारा हा माणूस, दाजी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खिशातून मोबाइल काढला आणि पडदा वर करून माझ्या ताटाशेजारी ठेवला.

‘पाह्य लेका,’ ते म्हणाले. ‘शून्य एक शून्य सात नऊ आठ. पण ते त्यात नाही.’