रायगड वर गेलेली सहल

नववीच्या निबंधांच्या वह्यांत विभक्तीच्या चुका शोधायला बसले, की पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की विभक्तीचा प्रत्यय सहसा चुकलेलाच नसतो. ला, ने, चा, त ही मंडळी बिचारी जागच्या जागी उभी असतात. बिघडलेला असतो तो त्यांच्या अलीकडचा शब्द. प्रत्यय येणार म्हटल्यावर मराठी नामाने जरा सावरून बसायचे असते. 'शाळा'ने 'शाळे' व्हायचे, 'पाणी'ने 'पाण्या', 'भाऊ'ने 'भावा'. व्याकरण याला सामान्यरूप म्हणते. मुलांना विचाराल तर त्यात सामान्य असे काहीही नाही.

सहलीनंतरच्या आठवड्यात निबंध येतो तो अर्थातच सहलीचा. यंदाच्या एका वहीतला उतारा असा:

'आमच्या शाळाची सहल रायगड वर गेली होती. सरानी आम्हाला महादरवाज्या समोर उभे केले. पायऱ्या चढून माझे पाय दुखले, म्हणून मी मित्राशी मदत मागितली. त्याने म्हणाला, माझे पण दुखतात. वर मी माकडांपासून घाबरलो.'

पाच वाक्ये, आणि प्रत्येकात काहीतरी. लाल पेन हाती असले की सगळेच गोल करावेसे वाटते. पण सगळ्या गोलांचे औषध एक नाही, म्हणून मी आधी त्या मुलाला बोलावून उतारा मोठ्याने वाचायला लावते.

त्याने खणखणीत वाचले, "आमच्या शाळेची सहल..."

"थांब. वहीत काय आहे?"

त्याने वहीत पाहिले. मग माझ्याकडे, जणू मीच रात्री येऊन 'शाळाची' लिहून गेले होते. या जातीची चूक मला मुळीच छळत नाही. मुलाच्या कानात शाळेची हे रूप पक्के आहे, हात फक्त पुढे पळाला. तिथे मी बरोबर रूप लिहून देत नाही. समासात एक फुली मारते, चूक त्याची तोच शोधतो.

'रायगड वर'चे प्रकरण निराळे. ते वाचताना ऐकू येत नाही, कारण चूक आहे ती मोकळ्या जागेत. हिंदीच्या तासाला तो 'घर के सामने', 'किले पर' असे सुटे लिहितो, आणि मोबाइलवर शब्द निवडला की पुढची जागा आपोआप सुटते. मराठीत वर, समोर, खाली, साठी ही शब्दयोगी अव्यये आधीच्या शब्दाला चिकटूनच बसतात. बरीच वर्षे मी ही जोडाजोड आणि सामान्यरूप अशा दोन वेगळ्या चुका धरत होते. आता वाटते, दोन्हींचे मूळ एकच असावे. मध्ये जागा सोडली, की 'रायगड' आपल्या ठिकाणी अखंड राहतो, त्याला बदलायची गरजच भासत नाही. म्हणून मी एवढेच सांगते, "आधी जोड." त्याने 'रायगडवर' लिहिले, ओठांत पुटपुटून पाहिले, तोंड वाकडे केले आणि मधे एक काना घातला. रायगडावर.

'सरानी' मात्र जोडून, वाकवून, सगळे करून चुकले आहे. अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार हवा, आणि सर एकटेच असले तरी आदरार्थी अनेकवचनात मोडतात. बोलताना तो अनुस्वार इतका हलका उच्चारला जातो, की कान साक्ष देत नाही. इथे नियमच पाठ हवा. आमच्या शाळेत सरांचा सगळा मान त्या एका टिंबावर टेकलेला आहे, हे मी वर्गात सांगते. सरांना ते फारसे आवडत नाही.

महादरवाजाशी मी थोडी रेंगाळते. घोडा-घोड्याला, वाडा-वाड्यासमोर, तसा दरवाजा-दरवाज्यासमोर, हा मुलाचा हिशेब अगदी सरळ आहे. पण 1962 साली 14 आणि 1972 साली आणखी 4 असे जे लेखननियम आपण मान्य केले, त्यांत शेवटी 'जा' असलेल्या पुल्लिंगी शब्दाला 'ज्या' करू नये असे आहे. दरवाजाला, मोजाला. का, ते तोंडात घोळवून पाहावे. 'दरवाजा' म्हणताना 'ज' दातांपाशी असतो, 'दरवाजासमोर' म्हणताना तो टाळूकडे सरकतो. त्या सरकण्यातच 'य' आला, तो पुन्हा लिहायचा कशाला? मासा-माशाला, पैसा-पैशाला यांतही 'स'चा 'श' होतो तो असाच. हे समजावल्यावर अर्धा वर्ग दरवाजा-दरवाजा करत जीभ चाचपत बसला आणि शेजारच्या वर्गावरच्या बाई डोकावून गेल्या.

आता राहिली उताऱ्याची शेवटची तीन वाक्ये, आणि खरे कठीण काम तिथे आहे. इथे मोठ्याने वाचून उपयोग नाही, कारण कानच दुसरीकडून भरून आलेला असतो. हिंदीत मदत माँगना, मिलना, बोलना, डरना, सगळ्यांचे एका 'से'वर भागते. मराठीत प्रत्येक क्रियापदाची सोयरीक वेगळी. मित्राकडे मागायचे, मित्राला भेटायचे, मित्राशी बोलायचे, आणि घाबरायचे ते माकडाला. त्यामुळे 'मित्राशी'खाली नुसती रेघ मारली, तर मुलगा 'मित्राशी' तसेच ठेवून अक्षर तेवढे सुधारतो. रेघ मारायची ती 'मागितली'खाली. क्रियापदाला विचार, तुला कोण हवे? 'कोणाशी मागितली' की 'कोणाकडे मागितली' असा प्रश्न केला, की उत्तर बहुतेकांना येते.

'त्याने म्हणाला' ही तर मला हुशार मुलांचीच चूक वाटते. सकर्मक क्रियापद भूतकाळात आले की कर्त्याला 'ने' लागतो, त्याने आंबा खाल्ला, त्याने गड पाहिला, हे त्याने मनाशी ताडलेले असते. 'म्हणणे' हे क्रियापद मात्र दोन घरचा पाहुणा आहे: तो म्हणाला, पण त्याने म्हटले. मुलाने दोन्हींकडचे अर्धे अर्धे उचलले. या चुकीला मी गुण कापत नाही, यावरून आमच्या शिक्षकखोलीत मतभेद आहेत.

एका गोष्टीला मी चूक म्हणत नाही. सोलापूरकडून बदली होऊन आलेल्या एका मुलीने 'मी अभ्यास केलो' असे लिहिले होते. तिच्या घरी, गल्लीत सगळे तसेच बोलतात. तिच्या वहीत मी लाल पेन बाजूला ठेवून पेन्सिलीने शेजारी 'केला' लिहिले आणि घरी काय म्हणायचे ते घरीच राहू दे असे सांगितले.

गावांची नावे तर नियमाला बधतच नाहीत. 'नागपूरला' जायचे तर नागपूर जसेच्या तसे, पण 'नागपुरात' फिरायचे तर पू ह्रस्व. मुलगा विचारतो, "बाई, मग रायगडला की रायगडाला?" गाडीने जाणार असशील तर रायगडला, म्हटले. कवितेत जाणार असशील तर रायगडाला.

सुधारलेली प्रत त्याने दोन दिवसांनी आणून दिली. शाळेची, रायगडावर, सरांनी, मित्राकडे, सगळे ठाकठीक. शेवटी स्वतःच्या मनाने एक वाक्यही वाढवले होते: 'उतरताना सरांसुद्धा थकले.'

'सुद्धा' जोडले होते, शब्द वाकवला होता, टिंबही दिले होते. आता त्याला सांगायचे होते, की सुद्धा, देखील, मात्र, च यांच्यापुढे शब्दाने वाकायचे नसते. मी 'सरांसुद्धा'खाली रेघ मारली, समासात फुली मारली, आणि खाली लिहिले, 'सर थकले हे खरे का?'

"खरंय बाई," तो म्हणाला. "माकडांनी त्यांचा डबा पळवला."