पंचाहत्तरला किलोवॅट म्हणणाऱ्यास खुले पत्र

केम, ता. करमाळा, जि. सोलापूर

आरसीच्या रकान्यात ‘75’ टाकून मोकळे झालेल्या महाशयांस,



तुम्ही शोरूममध्ये बसता की कुठल्या सरकारी खिडकीमागे, हे आम्हाला माहीत नाही. तुमचा आकडा मात्र आमच्या घरी पोहोचला. माझ्या भाच्याने सेकंडहँड टियागो ईव्ही घेतली, मोठ्या बॅटरीची. विम्याची मुदत संपत आली, म्हणून एजंटाने आरसी मागितली. कार्डावर इंजिनाच्या ताकदीपुढे छापलंय ‘75’. वरचं शीर्षक ‘BHP/Kw’. म्हणजे दोन्हींपैकी जे हवं ते समजा! एजंटाने किलोवॅट समजले आणि हप्ता दुपटीहून वर गेला.

विजेच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा सीसीवर नाही, किलोवॅटवर ठरतो. 1 जून 2022पासून लागू झालेल्या दरांत 30 ते 65 किलोवॅटच्या खाजगी कारला वर्षाला 2,904 रुपये आहेत आणि 65च्या वर गेलं की 6,712. कर वेगळा. भाच्याच्या गाडीची मोटार 55 किलोवॅटची. तुमच्या 75मुळे ती वरच्या गटात जाऊन बसली आणि वर्षाला 3,808 रुपयांचा भुर्दंड समोर आला. एक गुणाकार करायला तुम्हाला सवड नव्हती. दंड भरायला मात्र आम्ही हजर!

तो गुणाकार इथे करून दाखवतो. 75 हा आकडा पीएसमधला आहे, म्हणजे मेट्रिक अश्वशक्तीतला. 75 किलोचं ओझं एका सेकंदात एक मीटर वर उचलायला जेवढी ताकद लागते, ती एक पीएस. वॅटमध्ये ती 735.5 भरते, म्हणून पीएसला 0.7355ने गुणायचं. 75 गुणिले 0.7355 म्हणजे 55.16. कंपनी 55 किलोवॅट सांगते. वरचे दशांश आले, कारण मुळातले 74.8 पीएस कुणीतरी 75 करून टाकले होते.

आता तुम्ही म्हणाल, अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट, शाळेत हेच शिकवलंय. बरोबर, पण ती ब्रिटिश अश्वशक्ती. आमच्या विहिरीवरच्या मोटारीला तीच लागते. त्या मोटारीच्या पाटीवर 5 एचपी आणि 3.7 किलोवॅट असे दोन्ही आकडे आपापल्या एककासह कोरलेले असतात. विहिरीच्या चिखलात राबणाऱ्या पाटीला जे जमतं, ते तुमच्या चकचकीत कार्डाला का जमू नये?

दोन अश्वशक्तींत फरक जेमतेम दीड टक्क्याचा, म्हणून सोडून देऊ नका. समजा, एखाद्या गाडीच्या कागदावर नुसतं ‘88 अश्वशक्ती’ लिहिलंय. ती पीएस असेल तर 64.7 किलोवॅट होतात आणि गाडी खालच्या गटात राहते. ब्रिटिश असेल तर 65.6 होतात आणि गाडी वरच्या गटात जाते. एकच आकडा, एकच गाडी आणि हप्ते दोन. म्हणून आधी एकक विचारायचं, मग गुणायचं आणि दशांश सगळ्यात शेवटी सोडायचे.

चूक ओळखायला इंजिनिअर लागत नाही. गाडीच्या माहितीपत्रकात किलोवॅटचा आकडा असतो. तो आरसीशेजारी ठेवायचा आणि आरसीच्या आकड्याला त्याने भागायचं. उत्तर 1च्या आसपास आलं तर आरसीवर किलोवॅट आहेत. 1.36 आलं तर पीएस, 1.34 आलं तर ब्रिटिश अश्वशक्ती. भाच्याच्या कार्डावरचे 75 भागिले 55 म्हणजे 1.36. गुन्हा तिथल्या तिथे शाबीत.

युरोपात नोंदणीच्या कागदावर ‘P.2’ नावाचा रकाना असतो आणि तिथे फक्त किलोवॅट लिहितात. जर्मन माणूस गप्पांत गाडीची ताकद पीएसमध्ये सांगतो, पण सरकारी कागदावर पीएसला जागा नाही. आमचं मागणं तेवढंच आहे. रकान्याचं नाव एकच ठेवा, किलोवॅट, आणि एक दशांशापर्यंत आकडा लिहा. ते होईपर्यंत भाच्याने दुरुस्तीचा अर्ज दिलाय, सोबत माहितीपत्रकाचं पान जोडलंय. तो तुमच्या टेबलावर आला, की 75 खोडून 55 लिहा. आणि त्या गठ्ठ्यातल्या बाकीच्या विजेच्या गाड्याही त्याच दिवशी तपासा. त्यांचे मालक जादा हप्ता भरत असतील आणि त्यांना अजून पत्ताही नसेल.

आपला,
केमचा एक गाडीवाला