नऊने भाग जातो, साहेब!

रामदासपेठेतल्या आमच्या सोसायटीचा खजिनदार व्हायला मी तयार झालो, त्यात समाजसेवा नव्हती. हिशेबात २,७०० रुपयांचा फरक आहे अशी कुजबुज होती आणि घोटाळा उघडकीस आणणारा माणूस म्हणून लिफ्टमध्ये उभं राहायची मला हौस होती.

आधीचे खजिनदार तिसऱ्या मजल्यावरचे काका. ते बँकेच्या स्टेटमेंटवरून जमा, नावे आणि शिल्लक वहीत हातानं उतरवत आणि स्टेटमेंट रद्दीत घालत. सुरुवातीची शिल्लक १,८४,२५०, वर्षाची जमा ६,१२,४००, नावे ५,३७,८९०. उरायला हवेत २,५८,७६०. वहीत होते २,६१,४६०. म्हणजे पैसे जास्त! घोटाळेबाज म्हणून काकांनी निराशाच केली.

आधी फरकाची निम्मी रक्कम शोधली. जमेची रक्कम नावेच्या रकान्यात गेली, की फरक दुप्पट पडतो. पण १,३५० कुठेच नव्हते. मग २,७०० ला नऊनं भागलं: ३००, बाकी शून्य. आणि मी खुर्चीतून उठलोच. नऊ हा माझा फार लाडका आकडा. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, की फरक नऊच्या पटीतच येतो: ७४ चे ४७ करा, फरक २७. शेवटचं शून्य गळलं, ४५० चे ४५ झाले, तरी फरक ४०५, पुन्हा नऊच! हे मी बायकोला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, सेंट्रल बाजार रोडवर भेटलेल्या एका सीएलाही सांगितलं. तो म्हणाला, "सरासरी नऊ फरकांतल्या एकाला नऊनं भाग जातोच. पुरावा नाही हा." मी विषय बदलला.

मग वर्ष मधोमध चिरलं. सप्टेंबरअखेरपर्यंतची बेरीज-वजाबाकी वहीतल्या शिल्लकेशी जुळेना, म्हणजे चूक पहिल्या सहामाहीत. असंच अर्धं-अर्धं करत ऑगस्टवर आलो. वरची शिल्लक २,०३,६१५, नावे ७,४१०, खालची शिल्लक १,९८,९०५. पण वजाबाकी १,९६,२०५ येते! पुढची ओळ मात्र चोख. शिल्लक उतरवताना चूक झाली असती, तर लागून दोन ओळी बिघडल्या असत्या, एक वर आणि एक खाली. इथं एकच बिघडली, म्हणजे चुकली ती रक्कम. पंपाचं वीजबिल काढून पाहिलं: ४,७१०.

आता वर जाऊन उदारपणे माफ करायचं, एवढंच उरलं होतं. पण तारीख पाहिली आणि पाय जड झाले. त्या आठवड्यात काकू समोरच्याच दवाखान्यात आयसीयूत होत्या आणि काका बाहेरच्या बाकावर वही घेऊन बसायचे. सोसायटीतल्या एकानंही त्यांच्या हातातली वही काढून घेतली नव्हती. कुजबुजायला मात्र सगळे होतो.

तरी गेलो. काकांनी चष्मा लावून ओळ पाहिली.

"शिल्लक तर बरोबर उतरवली ना मी?"

"हो, पण..."

"मग पैसे कुठं गेले?"

"कुठंच नाही."

"मग तू काय शोधून राहिला होता बाप्पा?"


माफी माझ्या खिशातच राहिली.