लाल बाण आणि मृगाचा पाऊस

कळमनुरीत सोयाबीनची पेरणी आटोपली की बियाण्याच्या दुकानात माश्या मारायची वेळ येते. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. परदेशातल्या मुख्य कचेरीच्या डॅशबोर्डला तेवढं नाही. समजा, जूनमध्ये ४०० पिशव्या खपल्या, जुलैत ४०. लगेच `MoM -90%` असा लालभडक बाण उगवतो आणि विभागीय साहेबांचा फोन येतो.

"साहेब, ही मागच्या महिन्याशी तुलना आहे. पेरणी उरकल्यावर बी नेऊन शेतकरी काय गच्चीवर टाकणार? तुम्ही `YoY` बघा, गेल्या वर्षीचा जून. तेव्हा ३२०, औंदा ४००."

"म्हणजे २५ टक्के वाढ! शाब्बास!"

आता खरी पंचाईत. गेल्या साली पाऊस लांबला, म्हणून जूनमध्ये ३२० आणि जुलैत १२०. दोन्ही वर्षी हंगामाची बेरीज ४४०च. वाढ शून्य; मृग वेळेवर बरसला एवढंच. खरिपाला महिना लावून मोजू नये, जून-जुलै एकत्र धरावेत, हे त्या बाणाला कोण सांगणार?

खाली आणखी एक हिरवा आकडा: `Share +5 pp`. बाजारातला आपला वाटा २० टक्क्यांवरून २५वर गेला, म्हणजे पाच टक्के-बिंदू. वाट्याची स्वतःची वाढ मात्र २५ टक्के. पिशव्या तेवढ्याच असताना वाटा फुगला, कारण एकूण बाजारच २,२०० पिशव्यांवरून १,७६०वर आला.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "दोन्हीकडे २५ येतंय ना? तेच टाका."