तेवढं मामांना हसवा

लग्नाच्या ग्रुप फोटोत वीस-पंचवीस माणसं असली की त्यात एक मामा असा निघतोच, की हॉलचं भाडं थेट त्याच्याच खिशातून गेलंय असं वाटावं. बाकी सगळे छान. मग अल्बम करायला बसलं की नवरीची आई मागे उभी राहून म्हणते, “दादा, तेवढं मामांना हसवा हो. पुढच्या फोटोत हसलेत बघा ते.”

पुढच्या फोटोत मामा खरंच हसलेले असतात, पण त्यात मावशीचे डोळे मिटलेले. म्हणजे तिथलं हसू इथे आणणं आलं. नवशिका काय करतो? लॅसोने तोंड कापतो, आणून चिकटवतो, कडा मऊ करतो. जोड कुठे दिसत नाही, रंगही जुळतो. पण मामा आता पहिल्यापेक्षा भीतिदायक दिसतात. ओठ हसताहेत आणि डोळे अजून केटररचा हिशेब तपासताहेत.

यामागचं कारण द्यूशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टराने १८६२ साली छापून ठेवलं आहे. एका म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर ठिकठिकाणी विजेचा सौम्य झटका देऊन तो एकेक स्नायू आखडवायचा आणि फोटो काढून घ्यायचा. गालाचा स्नायू आखडला की ओठांचा कोपरा वर जातो. पण आतून आलेल्या हसण्यात डोळ्याभोवतीचा गोल स्नायूही आवळतो, आणि तो सहसा हुकमावर हलत नाही, असं त्याचं म्हणणं. (‘सहसा’ म्हटलं, कारण काहींना तोही ठरवून आवळता येतो. नट आणि उमेदवार यांना सराव असतो.)

तर हसण्याचं काम ओठांपासून वर सरकत जातं. कोपरा वर गेला की गाल गोळा होऊन उचलला जातो. नाकपुडीपासून ओठाकडे येणारी घडी खोल होऊन बाहेरच्या बाजूला वळते. उचललेला गाल खालच्या पापणीला वर ढकलतो, डोळा बारीक होतो आणि बाहेरच्या कोपऱ्यात सुरकुत्यांचा पंखा उघडतो. यातलं नुसतं टोक कापून आणलं तर बाकीचा चेहरा त्याला साक्ष देत नाही.

म्हणून मी मामांचा अख्खा चेहराच आणतो, भुवयांपासून हनुवटीपर्यंत. मामांना चष्मा असला तर मास्कची कड चष्म्याच्या खालच्या काडीवर लपवायचा मोह होतो, पण तिथे थांबलात तर काचेमागचे डोळे रागीटच राहणार. मान दोन्ही फोटोंत सारखी वळलेली हवी आणि प्रकाश एकाच बाजूचा. नाहीतर गालाच्या उंचवट्याखालची सावली उलट पडते आणि गाल सुजल्यासारखा दिसतो.

कधीकधी हसऱ्या फोटोत मामांच्या डोळ्यांवर नेमका कोणाचा तरी हात येतो. मग डोळे मूळ फोटोतलेच ठेवून त्यांना हसवावं लागतं. लिक्विफायमध्ये आधी बुबुळ गोठवून घ्यायचं, नाहीतर ते अंडाकृती होतं. मग मोठा ब्रश घेऊन गालाचा वरचा भाग आणि खालची पापणी एकत्रच वर सरकवायची. चेहरा चारशे पिक्सेल रुंद असेल तर तीन-चार पिक्सेल पुरतात. पापणीने बुबुळाची खालची कड किंचित झाकली की डोळ्यांत हसू येतं. दहा पिक्सेल सरकवलंत तर मामांना ऊन लागतंय असं वाटतं. सुरकुत्या मात्र मामांच्याच दुसऱ्या फोटोतून घ्यायच्या. प्रत्येक रेघ म्हणजे एक सावली आणि तिच्या शेजारी एक उजेडाची कड. नुसती काळी रेघ ओढली तर ती पेन्सिलीची दिसते.

काम झालं की हाताने मामांचं तोंड झाकायचं. नुसते डोळे हसताना दिसले तर पास.

यावर पाणी कसं पडतं तेही सांगतो. सगळं जुळवून फोटो दाखवला की नवरीची आई खूश होते, मग पडद्याजवळ जाऊन म्हणते, “फक्त त्या डोळ्यांजवळच्या सुरकुत्या काढा, मामा म्हातारे दिसतात.” आणि एका झटक्यात त्वचा गुळगुळीत केली की मामा परत हिशेबाला बसतात. आता मी मध्यम मार्ग काढतो. कपाळ हवं तेवढं गुळगुळीत करतो, डोळ्यांचे कोपरे सोडतो, आणि विचारल्यावर “केल्या की कमी” म्हणतो.

सगळ्यांचेच डोळे असे चुरगळत नाहीत, हेही खरं. काही माणसं मनापासून हसली तरी डोळे तसेच राहतात. त्यांना उगाच सुरकुत्या चिकटवल्या तर घरचेच विचारतात, हे कोण? त्यामुळे आधी त्याच माणसाचे बाकीचे फोटो बघून घ्यावेत.

तुमच्या घरी कार्य असेल तर फोटोग्राफरला एवढंच सांगून ठेवा, की ग्रुप फोटोचे आठ-दहा क्लिक लागोपाठ मारा आणि अल्बम हातात पडेपर्यंत त्यातला एकही डिलीट करू नका.