जेवणानंतर सुरू करायचा ग्रहांचा तक्ता

साहित्य: पांढरा कार्डशीट, पट्टी, स्केचपेन आणि ‘उद्या द्यायचाय’ हे जेवण झाल्यावर सांगणारं सातवीतलं मूल.

आधी आठ ओळी आखा. प्लुटोसाठी नववी ओळ मागणारे आजोबा घरात असल्यास त्यांना २००६ सालच्या निर्णयाची आठवण करून द्यावी आणि पट्टी धरायला बसवावं.

पहिला रकाना आकाराचा. डोक्यावर ‘व्यास (किमी)’ असं स्पष्ट लिहा. एका पुस्तकातून पृथ्वीची त्रिज्या (६,३७१) आणि दुसऱ्यातून मंगळाचा व्यास (६,७७९) उचलला, की मंगळ पृथ्वीहून मोठा होतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. युरेनस मोठा की नेपच्यून, यावर वाद पेटला तर दोघांनाही जिंकू द्या: व्यासाने युरेनस मोठा, वस्तुमानाने नेपच्यून.

घटकांचा रकाना लवकर उरकतो. पहिले चार खडक आणि धातूंचे. गुरू, शनी मुख्यतः हायड्रोजन-हेलियमचे. शेवटच्या दोघांना ‘बर्फाळ’ म्हणतात, पण म्हणून तिथे बर्फाचा गोळा रंगवू नये. आत पाणी, अमोनिया, मिथेन यांचं तापलेलं, दाट मिश्रण आहे.

खरी गंमत कक्षेच्या रकान्यात. इथे परिभ्रमणकाळ हवा, म्हणजे सूर्याभोवतीच्या एका फेरीचा वेळ. आणि मूल हमखास परिवलनाचा, म्हणजे स्वतःभोवतीच्या फेरीचा वेळ लिहितं. तपासायची सोपी युक्ती अशी, की वरून खाली आकडे वाढतच गेले पाहिजेत: ८८ दिवस, २२५, ३६५, ६८७, मग सुमारे १२ वर्षं, २९, ८४, १६५. पृथ्वीपुढे ‘१ दिवस’ लिहिला असेल तर चोर लगेच सापडतो. शुक्र मात्र निसटतो. त्याचं परिवलन २४३ दिवसांचं, आणि ८८, २४३, ३६५ हा क्रमही वाढताच दिसतो!

त्याला पकडायला केपलर लागतो. शुक्राचं सूर्यापासूनचं अंतर पृथ्वीच्या ०.७२३ पट. त्याचा घन ०.३७८, त्याचं वर्गमूळ ०.६१५. तेवढी वर्षं म्हणजे सुमारे २२५ दिवस. २४३ खोडा. (हे गणित मुलाकडून करून घ्यावं, तेवढ्या वेळात चहा होतो.)

उपग्रहांचा रकाना पेन्सिलने भरा. मार्च २०२५ मध्ये शनीच्या नावावर एकदम १२८ नवे उपग्रह जमा झाले आणि एकूण संख्या २७४ झाली. पाठ्यपुस्तकातला आकडा यापेक्षा लहान असेल, तर ते चुकलेलं नसून आधी छापलेलं असतं. म्हणून आकड्याखाली महिना आणि साल टाका. बुध व शुक्रापुढे ठळक शून्य काढा. जागा कोरी सोडली तर बाई ‘अपूर्ण’ असा शेरा मारतात.